माल उशिरा जाणार हे कळलं, आता परदेशी खरेदीदाराला पत्र कसं लिहायचं?



आपल्या पनवेलपासून पेण फार लांब नाही आणि न्हावा शेवा बंदर तर त्याहून जवळ. पेण, जोहे, हमरापूर, कळवे या भागातल्या गणेशमूर्ती दरवर्षी याच बंदरातून परदेशी जातात. मूर्ती घडवणं, रंगवणं, आखणी करणं यात बायकांचे हात मोठ्या संख्येनं असतात. पण परदेशी खरेदीदाराला पत्र लिहायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी कागद दुसऱ्याच्या हातात जातो. आजच्या पाठात तोच कागद आपण आपल्या हातात घेऊ. त्यातलाही सगळ्यात अवघड घेऊ: माल ठरलेल्या दिवशी जाणार नाही हे कळवणारं आणि नवीन तारखा देणारं पत्र.

खालचं उदाहरण शिकण्यासाठी रचलेलं आहे. गट, खरेदीदार, नग आणि रक्कम मी धरून चालले आहे. त्यातला पाऊस आणि जहाजांचा लांबचा वळसा मात्र खरा आहे.

काय झालं?

समजा, पेणजवळच्या एका गटाला इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका दुकानाकडून ४०० शाडूच्या मूर्तींची ऑर्डर मिळाली. लेस्टरमध्ये गुजराती आणि मराठी घरं आहेत, म्हणून तिथे मूर्ती खपतात. एक मूर्ती ९ इंचांची, दर १२ पौंड, म्हणजे एकूण ४,८०० पौंड. ३० टक्के आगाऊ, म्हणजे १,४४० पौंड, गटाच्या खात्यात जमा झाले. उरलेले पैसे माल जहाजावर चढल्याची पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंगची प्रत पाठवल्यावर मिळायचे होते. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. दुकानदारानं अट घातली होती की १० ऑगस्टपर्यंत मूर्ती दुकानात हव्यात, कारण विक्री आधीचे दोन आठवडेच चालते.

गटानं ठरवलं होतं की ३१ मेपर्यंत सगळा माल तयार करायचा. पण त्या वर्षी मे महिन्यातच कोकणात पाऊस सुरू झाला. मुंबईत मान्सून येण्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. त्या दिवशी गटाकडे २५० मूर्ती सुकून रंगकामाला लागलेल्या होत्या आणि १५० ओल्या होत्या.

ओली मूर्ती तशीच रंगवून पाठवली तर? शाडू आतून ओला असेल तर रंगाला फुगे येतात, मग पापुद्रे सुटतात. बंद कंटेनर दिवसा तापतो, रात्री थंड होतो, आतल्या दमटपणाचं पाणी होऊन खोक्यांवर टपकतं आणि बुरशी धरते. चाळीस दिवसांनी खोकं उघडल्यावर दुकानदाराच्या हातात काय येईल ते सांगायला नको. मूर्ती सुकली की नाही हे बघायची साधी रीत आहे. तीच मूर्ती रोज सकाळी वजनकाट्यावर ठेवा आणि वजन वहीत लिहा. वजन उतरायचं थांबलं, लागोपाठ दोन दिवस तेवढंच राहिलं, की ती सुकली. नुसता हात लावून ठरवू नका. वरून कोरडी लागणारी मूर्ती आतून ओली असू शकते.

पत्राआधी तारखांचं गणित

पत्र लिहायला बसायच्या आधी वही काढा. "लवकरात लवकर पाठवतो" हे खरेदीदाराच्या काहीच उपयोगाचं नाही. त्याला तारीख हवी असते आणि ती तारीख शेवटापासून मागे मोजत काढायची असते.

आपला माल थोडा, म्हणून तो इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये भरला जातो. हे भरणं बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये होतं. जहाज सुटायच्या काही दिवस आधी तिथे माल घेणं बंद होतं. त्याला कटऑफ म्हणतात. आपल्या उदाहरणात जहाज दर मंगळवारी सुटतं आणि कटऑफ त्याच्या सहा दिवस आधी असतो असं धरू.

समुद्रातला प्रवास ४० दिवसांचा धरू. पूर्वी जहाजं लाल समुद्रातून सुएझ कालव्यानं जायची. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालायला सुरुवात केली. त्यामुळे युरोपकडे जायला दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले. पोहोचल्यावर तिकडची कस्टम तपासणी आणि ट्रकनं दुकानापर्यंत नेणं याला १० दिवस धरू.

आता मागे मोजा. दुकानात १० ऑगस्ट हवी. दहा दिवस मागे, ३१ जुलै: जहाज तिकडे पोहोचलेलं हवं. चाळीस दिवस मागे, २१ जून: जहाज इथून सुटलेलं हवं. त्याआधीचा मंगळवार १७ जून. त्याचा कटऑफ ११ जून. म्हणजे ११ जूनला माल सीएफएसमध्ये असेल तरच १० ऑगस्ट गाठता येते.

आता आपल्या बाजूनं पुढे मोजा. १५० ओल्या मूर्ती बंद शेडमध्ये पंखे आणि हॅलोजन लावून सुकवायच्या, त्याला गटाच्या अनुभवानं १४ दिवस लागतात. म्हणजे १० जून. रंगकाम ७ दिवस, १७ जून. पॅकिंग ३ दिवस, २० जून. दोन्ही गणितं शेजारी ठेवली की उत्तर समोर येतं: ११ जून गाठणं अशक्य आहे. २४ जूनच्या जहाजाचा कटऑफ १८ जूनला, तोही चुकतो. १ जुलैच्या जहाजाचा कटऑफ २५ जूनला आहे, तो मिळतो आणि हाताशी पाच दिवस उरतात.

हे पाच दिवस पत्रात देऊन टाकू नका. जहाज आठवड्यातून एकदाच आहे, त्यामुळे आपण कटऑफ एका दिवसानं चुकवला तरी माल सात दिवसांनी मागे पडतो. पाच दिवस त्यासाठीच ठेवलेले आहेत. एकदा तारीख बदलली तर खरेदीदार समजून घेतो. दुसऱ्यांदा बदलली तर तो तिसऱ्या तारखेवर विश्वास ठेवत नाही.

१ जुलैला निघालेला माल १० ऑगस्टच्या सुमारास तिकडे पोहोचेल आणि २० ऑगस्टच्या सुमारास दुकानात. चतुर्थीच्या सात दिवस आधी. उशीर दहा दिवसांचा आहे आणि तो लपवता येणार नाही.

खरेदीदारापुढे काय ठेवायचं?

नुसती वाईट बातमी देऊन थांबलो तर पुढचा विचार खरेदीदाराच्या डोक्यावर पडतो. आपण पर्याय मांडायचे आणि प्रत्येक पर्यायाचा पैसा आधी मोजायचा.

पहिला पर्याय, माल दोन खेपांत पाठवायचा. २५० मूर्ती ठरल्याप्रमाणे १० जूनच्या जहाजानं आणि १५० मूर्ती १ जुलैच्या जहाजानं. दुसऱ्या खेपेची किंमत १,८०० पौंड. त्यावर गटानं ५ टक्के, म्हणजे ९० पौंड सूट द्यायचं ठरवलं. ही सूट गटाच्या बैठकीत ठरवा. नफ्यातून किती सोडता येईल हे बघून ठरवा, घाबरून नको.

दुसरा पर्याय, विमानानं. इथे एक हिशेब माहीत असायला हवा. विमानात खऱ्या वजनावर किंवा खोक्यानं अडवलेल्या जागेवर, जे जास्त असेल त्यावर भाडं लागतं. जागेचं वजन असं काढतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००. आपलं खोकं ३० × ३० × ४० असेल तर ३६,००० भागिले ६,००० म्हणजे ६ किलो. मूर्ती आणि खोकं मिळून वजन ४ किलो असलं तरी भाडं ६ किलोचं. १५० खोक्यांचे ९०० किलो झाले. किलोला २०० रुपये दर धरला तर १,८०,००० रुपये. पौंडाचा दर ११५ रुपये धरला तर १,८०० पौंडांचा माल साधारण २,०७,००० रुपयांचा. भाडंच मालाच्या किमतीजवळ गेलं. म्हणून गट हा खर्च उचलू शकत नाही. पण खरेदीदाराला थोडे नग तातडीनं हवे असतील आणि भाडं तो देणार असेल तर वाट मोकळी ठेवायची.

तिसरा पर्याय, १५० नग रद्द. त्या नगांचा आगाऊ भाग ५४० पौंड. तो पहिल्या खेपेच्या बाकीतून वजा करायचा. हा पर्याय लिहिताना हात जड होतो, पण लिहायचा. चतुर्थी झाल्यावर मूर्तीला गिऱ्हाईक नसतं. अशा मालात वेळ हीच कराराची मुख्य अट ठरते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे, वेळ ही मुख्य अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. तेव्हा जो हक्क त्याला आहेच, तो आपण होऊन पुढे ठेवला तर बोलणं सरळ राहतं.

पत्र

पत्र इंग्रजीतच जाईल, कारण ते बँक आणि फॉरवर्डर दोघांनाही दाखवावं लागू शकतं. पण आधी मराठीत लिहा. मराठीत लिहिलं की आपण काय कबूल करतोय ते गटातल्या प्रत्येकीला कळतं. मग भाषांतर करून घ्या आणि तारखा, नग, रक्कम मूळ मराठीशी ताडून बघा. हा मराठी मसुदा:

> दिनांक: २७ मे २०२५
>
> विषय: ऑर्डर क्रमांक ____, ४०० शाडू गणेशमूर्ती. १५० मूर्तींना उशीर आणि नवीन वेळापत्रक
>
> महोदय,
>
> आपल्या ४०० मूर्तींपैकी २५० मूर्ती ठरल्याप्रमाणे १० जूनच्या जहाजानं जातील. उरलेल्या १५० मूर्ती त्या जहाजानं जाऊ शकणार नाहीत. त्या १ जुलैच्या जहाजानं पाठवता येतील आणि साधारण २० ऑगस्टला आपल्या दुकानात पोहोचतील. आपण सांगितलेल्या १० ऑगस्टपेक्षा हे दहा दिवस उशिरा आहे. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
>
> कारण असं की या वर्षी मान्सून मुंबई परिसरात २६ मे रोजी आला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. या १५० मूर्ती त्या वेळी सुकल्या नव्हत्या. ओल्या मूर्ती रंगवून पाठवल्या तर प्रवासात रंग सुटेल आणि बुरशी येईल, म्हणून आम्ही त्या थांबवल्या आहेत. आता त्या बंद शेडमध्ये पंख्याखाली सुकत आहेत.
>
> आमच्या हातातल्या तारखा, ज्या आम्ही पाळू:
> पहिली खेप, २५० नग: ४ जूनला सीएफएसमध्ये पोच.
> दुसरी खेप, १५० नग: २५ जूनला सीएफएसमध्ये पोच.
>
> जहाज कंपनीवर अवलंबून असलेल्या अंदाजे तारखा:
> पहिली खेप: सुटणार १० जून, बंदरात पोहोचणार २० जुलैच्या सुमारास.
> दुसरी खेप: सुटणार १ जुलै, बंदरात पोहोचणार १० ऑगस्टच्या सुमारास.
>
> आपल्यापुढे तीन पर्याय आहेत.
> (१) वरीलप्रमाणे दोन खेपा. दुसऱ्या खेपेवर आम्ही ९० पौंड सूट देऊ. न्हावा शेव्यापर्यंतचा जादा खर्च आमचा. दोन खेपांमुळे आपलं समुद्रभाडं थोडं वाढू शकतं, ते आपल्या फॉरवर्डरकडून विचारून घ्यावं.
> (२) १५० पैकी काही नग विमानानं. ते २० जूनला तयार असतील. विमानभाडं आपल्याकडे राहील.
> (३) १५० नग रद्द. त्यांचे आगाऊ ५४० पौंड पहिल्या खेपेच्या बाकीतून वजा करू.
>
> पर्याय (१) घेतल्यास पहिल्या खेपेची बाकी २,१०० पौंड आणि दुसऱ्या खेपेची, सूट वजा जाता, १,१७० पौंड. प्रत्येक बाकी त्या त्या खेपेच्या बिल ऑफ लेडिंगची प्रत मिळाल्यावर द्यावी.
>
> कृपया ३ जूनपर्यंत आपला पर्याय लेखी कळवावा. २५० मूर्तींचं काम आपल्या उत्तरासाठी थांबणार नाही. १० जूनला १५० मूर्तींच्या वजनाची नोंद आणि फोटो आम्ही पाठवू.
>
> आपली,
> ____ (गटाच्या वतीनं)
>
> प्रत: आपला फॉरवर्डर

पत्रात काय कुठे आहे ते बघा

पहिल्या परिच्छेदात सगळी बातमी आहे: किती नग वेळेवर, किती उशिरा, किती दिवस. आपल्याकडे पत्राची सुरुवात खुशाली आणि आभारानं करायची सवय आहे. इथे ती सवय बाजूला ठेवा. खरेदीदार चार ओळी वाचून दुकानाचं नियोजन बदलायला लागतो.

कारण एकच दिलं आहे आणि त्याला तारीख आहे. ती तारीख खरेदीदार स्वतः तपासू शकतो. "पाऊस, लाईट, मजूर, ट्रान्सपोर्ट" अशी चार कारणं दिली की चारही खोटी वाटतात. लाल समुद्राचा वळसा पत्रात मुद्दाम घातलेला नाही. तो ऑर्डर घेतानाच माहीत होता आणि ४० दिवस त्याच हिशेबानं धरले होते. माहीत असलेली अडचण उशिराचं कारण म्हणून सांगता येत नाही.

"नैसर्गिक आपत्ती" असा शब्दही वापरलेला नाही. तसं कलम करारात असेल तरच त्याचा आधार घ्यायचा, आणि तेव्हाही कलमात लिहिलेल्या मुदतीत कळवावं लागतं. कोकणात पाऊस पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो दोन आठवडे आधी आला, एवढंच आपण म्हणू शकतो.

तारखा दोन गटांत आहेत. सीएफएसला माल पोचवणं आपल्या हातात आहे, म्हणून तिथे "पाळू" म्हटलं. जहाज कधी पोहोचेल ते आपल्या हातात नाही, म्हणून तिथे "सुमारास" म्हटलं. या दोन्ही एकत्र करून "२० ऑगस्टला नक्की मिळेल" असं लिहिलं, तर जहाज अडकल्याचा दोषही आपल्या अंगावर येतो.

फॉरवर्डरला प्रत पाठवली आहे. आपला सौदा न्हावा शेव्यापर्यंतचा आहे, म्हणजे एफओबी. त्यात जहाजावरची जागा खरेदीदाराचा फॉरवर्डर ठरवतो. त्याला कळलं नाही तर तो १० जूनला ४०० नगांची जागा धरून बसेल आणि १ जुलैला आपल्यासाठी जागाच नसेल.

पत्र गेल्यावर

उत्तर लेखी घ्या. फोनवर "चालेल" म्हटलं तरी नम्रपणे म्हणा, "तेवढं ईमेलवर टाका." कलम ५५ चा शेवटचा भाग इथे कामाचा आहे. उशिरा आलेला माल समोरच्यानं मान्य केला, तर त्या उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही, जर मान्य करतानाच "भरपाई मागणार" असं त्यानं कळवलं नसेल तर. परदेशी करारात दुसऱ्या देशाचा कायदा लागू असू शकतो, म्हणून करारात ते बघून घ्या. कुठलाही कायदा असला तरी लेखी उत्तर उपयोगाचंच. आणि उत्तर आलंच नाही तर गप्प बसण्याला होकार समजू नका. ३ जूनला पुन्हा विचारा.

दोन खेपा म्हणजे दोन बिलं, दोन पॅकिंग लिस्ट, दोन शिपिंग बिलं. ४०० नगांचं आधी केलेलं बिल तसंच गेलं तर कस्टममध्ये नग जुळणार नाहीत.

पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यात "माल चढवायची शेवटची तारीख" लिहिलेली असते. खरेदीदारानं पत्राला कितीही प्रेमानं होकार दिला तरी बँक ते पत्र बघत नाही, ती कागदावरची तारीख बघते. तेव्हा पत्रात एक ओळ वाढवा: "कृपया लेटर ऑफ क्रेडिटमध्ये शेवटची तारीख आणि मुदत वाढवून द्यावी." ती दुरुस्ती त्याच्या बँकेकडून आपल्या बँकेत आल्याशिवाय दुसरी खेप गेटबाहेर काढू नका. खेपा विभागायला त्यात मनाई नाही ना, हेही बघा.

गटाच्या बैठकीत करून बघा

समजा, १० जूनला वजन केलं तेव्हा १५० पैकी ४० मूर्तींचं वजन अजून उतरत होतं. त्यांना सुकायला आणखी ६ दिवस लागणार आहेत. रंगकाम आणि पॅकिंगचे दिवस तेवढेच. या ४० मूर्तींना २५ जूनचा कटऑफ मिळेल का? मिळत नसेल तर ११० आणि ४० असे भाग करायचे, की ४० रद्द करायच्या? ४० नगांचे आगाऊ पैसे किती होतात? वहीत उत्तर काढा आणि खरेदीदाराला जाणारं चार ओळींचं पत्र लिहा. पहिल्या ओळीत नग आणि तारीख आलीच पाहिजे. प्रभागसंघाच्या बैठकीला वह्या घेऊन या, आपण एकमेकींची पत्रं खरेदीदार होऊन वाचू.

— क्षेत्र समन्वयक, पनवेल